धनुर्वात गंजामुळे होत नाही

खिळा गंजलेला नव्हता, म्हणून इंजेक्शन टाळले जाते. धनुर्वाताचे जंतू मात्र मातीत आणि शेणात सुप्त बीजरूपात असतात. गोठ्यात पायात बाभळीचा काटा मोडला की ते खोल जातात. वरचे छिद्र मिटते, आत हवा पोहोचत नाही आणि तिथेच ते वाढून विष (टॉक्सिन) सोडतात. भळाभळा वाहणाऱ्या उथळ जखमेपेक्षा हे बारीक छिद्र म्हणूनच फसवे. विष मज्जारज्जूत पोहोचून स्नायू सैल करणारे संदेश अडवते. ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखे स्नायू आवरत नाहीत. बहुधा आधी जबडा आखडतो.

‘टीटी घेतले, आता चिंता नाही’ हा समज अर्धाच खरा. लस (आता बहुधा टीडी) शरीराला प्रतिपिंडे (विष निकामी करणारी प्रथिने) बनवायला शिकवते. पूर्वी तीन डोस झालेल्याच्या शरीराला हे लवकर आठवते. अस्वच्छ जखमेत शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील तर एक डोस पुरतो. कधीच लस न घेतलेल्याला मात्र पहिल्या डोसाने वेळेत संरक्षण मिळत नाही. त्याला जखम धुऊन लसीसोबत दुसऱ्या जागी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन, सहसा २५० युनिट) देतात. ते मोकळे विष निकामी करते, मज्जातंतूंत शिरलेले नाही.