जुन्या प्रेक्षकांना दर सांगताना

ज्या गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे आपल्या गादीवर बसून चहा घेतला, त्याला एके दिवशी दर सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. यूट्यूबवर आपला हुन्नर शिकवणाऱ्या कारागीर बांधवांवर आता हाच प्रसंग येत आहे. आजवर सर्व काही मोफत होते. आता दरमहा पैसे देऊन सभासद होण्याची सोय सुरू करायची आहे. ती बातमी जुन्या प्रेक्षकांना कशी द्यावी?

उदाहरणासाठी कल्याणच्या दूधनाक्यावर शेरवानी व कुर्ता बेतायला शिकवणारा एक दर्जी धरू. यूट्यूबने २०२३ मध्ये अट सैल केली. आता ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास पाहिले गेल्याची नोंद असली, तर सभासदत्वासाठी अर्ज करता येतो. आपल्या दर्जीने ही मजल गाठली आहे.

आधी हिशेब पाहू. दर महिना ५९ रुपये ठेवला आणि त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की ५० रुपये उरतात. त्यातले ७० टक्के, म्हणजे ३५ रुपये, कारागिराला मिळतात. आयफोनवरून पैसे भरल्यास अ‍ॅपलची कपात आणखी होते. ४० सभासद झाले तर महिन्याला १,४०० रुपये. या रकमेवर दुकान चालत नाही. फार तर कापडाचा व दोऱ्याचा खर्च निघतो. म्हणून वायदाही तेवढाच करावा. महिन्याला चार खास व्हिडिओ कबूल करून दोनच दिले, तर तक्रार रास्तच ठरेल.

एक चुकलेली सूचना

अमेरिकेतील पेट्रिऑन ही कंपनी चाहत्यांकडून कलावंतांना दरमहा पैसे पोहोचवते. डिसेंबर २०१७ मध्ये तिने जाहीर केले, की यापुढे प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के व ३५ सेंट इतका आकार चाहत्याकडून घेतला जाईल. एक डॉलर देणाऱ्याला आता सुमारे १ डॉलर ३८ सेंट पडणार होते. लहान रक्कम देणाऱ्यांवरच सर्वांत मोठा बोजा पडला, आणि अनेकांनी मदत बंद केली. आठवडाभरातच कंपनीला माफी मागून बेत मागे घ्यावा लागला. पैसे देणारा माणूस आपल्या खिशातून नेमके किती जाणार, हे पहिल्यांदा पाहतो, आणि त्याला न विचारता तो आकडा बदलला तर नाते तुटते.

मजकूर कसा असावा

आमच्या मते दर्जीने पुढीलप्रमाणे लिहावे :

«सर्वांना सलाम व नमस्कार. इतकी वर्षे आपण माझे काम पाहिले, चुका दाखवल्या, त्याबद्दल आभारी आहे. आजवरचे सर्व व्हिडिओ मोफतच राहतील, आणि दर शुक्रवारचा नवा व्हिडिओही मोफतच येईल. ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासाठी पहिल्या तारखेपासून दरमहा ५९ रुपयांचे सभासदत्व सुरू होत आहे. त्यात महिन्याला एक सविस्तर कटिंगचा व्हिडिओ आणि मापांचा तक्ता मिळेल. पैसे दरमहा आपोआप कापले जातात. नको झाल्यास केव्हाही बंद करा, भरलेला महिना संपेपर्यंत लाभ चालू राहील. सभासद न झालात तरी आपल्या प्रश्नाला मी पूर्वीसारखेच उत्तर देईन.»

यात क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या माणसाच्या मनातली पहिली शंका ‘माझे काय काढून घेणार?’ ही असते, म्हणून तिचे उत्तर दराच्या आधी आले. यूट्यूबवर जुना मोफत व्हिडिओही केवळ सभासदांपुरता करता येतो. तो मोह टाळावा. बंद करण्याची रीतही दराजवळच सांगितली आहे, कारण आपोआप कापले जाणारे पैसे लोकांना खटकतात.

‘फक्त तीन दिवस’, ‘खरे चाहते असाल तर’ अशी वाक्ये लिहू नयेत. सभासदांमधून चिठ्ठ्या काढून बक्षीस देण्याचे आमिषही नको. यूट्यूबच्या नियमात ते बसत नाही.

सूचना दिल्यानंतर खाली येणारे प्रश्न वाचावेत. ‘जुने व्हिडिओ बंद होणार का?’ असे दोघा-तिघांनी विचारले, तर मजकुरात ती गोष्ट स्पष्ट झाली नाही असे समजावे आणि मजकूर दुरुस्त करावा. सभासद कमी आले, तर पुन्हा पुन्हा आठवण करून देण्यापेक्षा कबूल केलेला व्हिडिओ वेळेवर द्यावा. जुने गिऱ्हाईक माल पाहून ठरवते.