दुकान उघडतं, शर्यत मात्र लागत नाही

होस्टेलच्या वाय-फायवर निन्टेन्डो स्विच लावलेल्या मुलाला सर्वात जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे अर्धवट चालणारं इंटरनेट. गेमचं दुकान उघडतं, अपडेट पूर्ण उतरतं, मित्र ऑनलाइन दिसतात. मारिओ कार्ट 8 डिलक्समध्ये शर्यत सुरू करायला जावं, तर पडद्यावर 2618-0516 हा एरर कोड. त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर फोर्टनाइट मात्र सुरळीत चालतो.

इथवर पोचलेला मुलगा तसा नशीबवानच म्हणायचा. अनेकांचं घोडं वाय-फायच्या यादीतच अडतं. विद्यापीठं आणि मोठी ऑफिसं बहुधा प्रत्येकाला वेगळं युजरनेम आणि वेगळा पासवर्ड देतात. विद्यापीठांमध्ये जगभर चालणारं eduroam याच पद्धतीचं. स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या तिघांनाही फक्त घरगुती पद्धतीचा, सगळ्यांचा मिळून एक असलेला पासवर्ड कळतो. युजरनेम लिहायची सोयच त्यांच्यात नाही, त्यामुळे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करून काही होत नाही. यावर सरळ मार्ग एकच: कन्सोलच्या सेटिंगमध्ये दिसणारा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा बारा अंक-अक्षरांचा क्रमांक, कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोंदवायचा. बऱ्याच संस्थांकडे अशा यंत्रांसाठी वेगळी सोय असते.

आता शर्यतीकडे. फोर्टनाइटमध्ये प्रत्येक खेळाडू कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. मारिओ कार्टमध्ये कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. होस्टेलमधल्या शेकडो यंत्रांना बाहेरच्या जगात मिळून एखाद-दुसराच पत्ता असतो. आतल्या कुणी बाहेर काही मागितलं की राउटर नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की ते बरोबर त्याच यंत्राकडे पाठवतो. सोसायटीच्या वॉचमनने वहीत पाहून पार्सल वर सोडावं, तसं. वहीत नाव नसलेला पाहुणा गेटवरूनच परत जातो. या व्यवस्थेचं नाव नॅट.

मग दोन कन्सोल भेटतात कसे? समजा, मुंबईच्या होस्टेलमधल्या स्विचला नाशिकच्या मित्राशी खेळायचं आहे. स्विच आधी निन्टेन्डोच्या सर्व्हरला विचारतो, “मी बाहेरून कसा दिसतो?” उत्तर येतं: अमुक पत्ता, पोर्ट 40112. हीच माहिती मित्राच्या कन्सोलला दिली जाते. घरगुती राउटर बहुधा सर्वांशी बोलताना तोच पोर्ट कायम ठेवतो, म्हणून तिथे काम होतं. होस्टेलचा कडक फायरवॉल मात्र दर नव्या पत्त्यासाठी नवा पोर्ट काढतो. मित्राशी बोलायला त्याने 40857 उघडला. मित्र अजून 40112 वर दार ठोठावतोय. तिथे त्याच्या नावाची नोंदच नाही.

मित्राचा राउटर पुरेसा सैल असेल तर तो 40857 वरून आलेला आवाज ऐकून तिथेच उत्तर देतो आणि खेळ जुळतो. तोही दुसऱ्या एखाद्या होस्टेलमध्ये असेल, तर दोघंही चुकीची दारं वाजवत राहतात. एकाशी जमतं आणि दुसऱ्याशी नाही, या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच.

खात्री करणं सोपं आहे. स्विचच्या इंटरनेट सेटिंगमध्ये Test Connection दाबलं की NAT Type दिसतो. A किंवा B असेल तर चिंता नाही. D किंवा F आला तर जोडणीचा भरवसा नाही. प्लेस्टेशनवर अशाच अर्थाने Type 3 दिसतो, एक्सबॉक्सवर Strict. मग तोच कन्सोल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून चाचणी पुन्हा करावी. निकाल सुधारला, तर दोष इमारतीच्या नेटवर्कचा. सुधारला नाही, तरी इमारत निर्दोष ठरत नाही, कारण मोबाइल कंपन्याही एकेक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. लॅपटॉपवरून हॉटस्पॉट देण्याचा लोकप्रिय उपाय कन्सोलला इंटरनेट मिळवून देतो, पण त्यात नॅटचा आणखी एक थर वाढतो. शिवाय अनेक संस्थांच्या नियमांत तो बसत नाही.

“पोर्ट उघडून द्या” एवढंच सांगितलं तर अ‍ॅडमिन नाही म्हणेल, आणि त्याचं चूकही नाही. बाहेरून आत येणारी वाट एका खोलीसाठी उघडणं धोक्याचं. त्यापेक्षा नोंदणी केलेल्या कन्सोलपुरता बाहेर जाताना सोर्स पोर्ट न बदलण्याची विनंती करावी. pfSense या फायरवॉलमध्ये त्यासाठी Static Port नावाचा पर्यायच आहे. मर्यादा एकच: एकाच बाहेरच्या पत्त्यामागे दोन एक्सबॉक्स असतील आणि दोघांनाही नेहमीचा 3074 पोर्ट हवा असेल, तर तो एकालाच मिळतो.

आणि काही ठिकाणी तर बंदी तांत्रिक नसतेच. आयआयटी मुंबईने 2007 मध्ये होस्टेलचं इंटरनेट रात्री 11 नंतर बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कारणांत रात्रभर चालणारे गेमही होते. तिथे NAT Type कितीही चांगला असून उपयोग नव्हता.