क्लास, शिकवणी की घरचा अभ्यास?

चाळिशीत इंग्रजी शिकायला निघालेल्या माणसाने फीची चौकशी करण्याआधी फोनवर स्वतःचं एक मिनिट रेकॉर्ड करावं. काल दिवसभर काय केलं, ते इंग्रजीत सांगायचं.

शब्दच सुचत नसतील, तर अजून कुणालाच पैसे देऊ नका. दोन-तीन महिने घरीच रोज अर्धा तास सोपं ऐका, वाचा. शब्द सुचतात पण ‘यस्टरडे आय गो मार्केट’ असं होतं, तर मात्र घरचा अभ्यास अपुरा. ही चूक आपल्या कानाला खटकतच नाही. टोकणारं माणूस लागतं.

आता क्लासचा हिशेब बघा. तासाभराच्या वर्गात 20 जण आणि निम्मा वेळ शिक्षकांचा, म्हणजे तुमच्या वाट्याला दीड मिनिट! शिकवणीत बोलायला अर्धा तास सहज मिळतो. म्हणून महाग असली तरी आठवड्यातून एकदा शिकवणीच लावावी, असं माझं मत. अर्थात सर मराठीतून व्याकरणच समजावत बसले, तर तोही तास गेला.

घरी पुस्तक उघडलंच जात नाही, त्यांनी क्लास लावावा. फक्त सहा महिन्यांची फी एकदम भरू नका. आधी एक दिवस मागच्या बाकावर बसून किती जण तोंड उघडतात, ते मोजा.