भाव कुठे रमला?

शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमधले व्यापारी पीटर स्टाइडलमायर यांनी 1980च्या दशकात मार्केट प्रोफाइल हा तक्ता रूढ केला. त्यात दर अर्ध्या तासाला एक अक्षर मिळते आणि त्या वेळात भाव ज्या ज्या पातळीला शिवला, तिथे ते अक्षर लिहितात. आपला शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, म्हणून पावणेदहापर्यंत A, पुढे B. दिवसअखेर जिथे सर्वांत लांब ओळ, तो पॉइंट ऑफ कंट्रोल. त्याच्या वरच्या-खालच्या ओळी, जिकडे अक्षरे जास्त तिकडून, जोडत एकूण अक्षरांच्या सुमारे 70 टक्के भरली की व्हॅल्यू एरिया तयार. घेणारा आणि विकणारा दोघांनाही पटलेला हा पट्टा.

समजा, निफ्टी फ्युचर्सचा कालचा पट्टा 24,450 ते 24,560 होता. आज बाजार 24,600ला उघडला, पण घसरून पट्ट्यात शिरला आणि सलग दोन अर्धे तास आतच राहिला. म्हणजे वरचा भाव गिऱ्हाइकांना महाग वाटला. अशा वेळी अनेक ट्रेडर 24,450चे लक्ष्य ठेवून विकतात आणि भाव पुन्हा 24,560च्या वर टिकला, तर तोटा सोसून बाहेर पडतात.

या खेळीला 'ऐंशी टक्क्यांचा नियम' म्हणतात. त्या आकड्यावर मात्र मी पैसे लावणार नाही. मोठी बातमी आली की भाव एकाच दिशेने पळतो, तक्ता उंच आणि सडपातळ होतो, अक्षरे एकमेकांवर फारशी येत नाहीत. तेव्हा कालचा पट्टा निरुपयोगी असतो.