चेन्नईच्या दमट हवेत चेहऱ्याची निगा

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त चेन्नईला गेलेल्या पुरुषाला पहिल्या काही महिन्यांतच आपला चेहरा बदलल्यासारखा वाटू लागतो. दुपारपर्यंत कपाळ व नाक तेलकट होते, संध्याकाळी मात्र गालांची त्वचा ओढल्यासारखी लागते. एकाच चेहऱ्यावर तेलकटपणा आणि कोरडेपणा एकत्र कसे नांदतात, हे समजले की निगा राखण्याचे काम अगदी सोपे होते.

पुण्याहून चेन्नईला बदली झालेला एक मध्यमवयीन अधिकारी कल्पावा. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. त्यामुळे तो दिवसातून चार-पाच वेळा अंगाच्या साबणानेच तोंड धुतो. शहरातील अनेक इमारतींत कूपनलिकेचे पाणी वापरले जाते. ते बहुधा जड, म्हणजे शालेय पुस्तकांच्या भाषेत दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि त्याचा पातळ थर त्वचेवर राहतो. शिवाय साबण अल्कधर्मी, तर त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी. वारंवार धुण्याने त्वचेतील ओल धरून ठेवणारा स्निग्धांश निघून जातो. पुढे दिवसभर वातानुकूलित कार्यालयातील कोरडी हवा उरलीसुरली ओल शोषून घेते. तेलग्रंथी मात्र आपले काम चालूच ठेवतात. म्हणून वरून तेलकट आणि आतून कोरडी, अशी त्वचेची अवस्था होते.

पाणी जड आहे का, हे घरीच पाहता येते. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा लहानसा कीस टाकावा व जोराने हलवावे. फेस थोडा आणि पाणी दुधाळ झाले, तर ते जड समजावे.

अशा पाण्यात साबणाऐवजी सौम्य फेसवॉश वापरणे हिताचे, कारण त्यातील बहुतेक द्रव्यांचा साका होत नाही. सकाळी एकदा व कामावरून परतल्यावर एकदा, एवढे पुरे. वाटाण्याएवढा फेसवॉश ओल्या हातावर घेऊन अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळावा आणि भरपूर पाण्याने धुवावा. शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा असल्यास उत्तम. मधल्या वेळी घाम आल्यास केवळ साधे पाणी मारून रुमालाने टिपावे.

घामट हवेत मॉइश्चरायझर कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे काम तेल लावण्याचे नसून ओल टिकविण्याचे आहे. म्हणून दाट क्रीमऐवजी ग्लिसरीन असलेले, पातळ, जेलसारखे मॉइश्चरायझर निवडावे. चेहरा टिपल्यावर तो किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, दोन वाटाण्यांएवढे लावावे. गालांवर अधिक, नाकावर नाममात्र. धुतल्यानंतर पंधरा मिनिटांनीही त्वचा ओढली जात नसेल, तर योजना जमली असे समजावे. नाकाच्या कडांना व भुवयांत लाली आणि पापुद्रे टिकून राहिले, तर तो केवळ कोरडेपणा नसून चेहऱ्यावरचा कोंडा असू शकतो. अशा वेळी दुकानातून स्वतःहून स्टिरॉइडयुक्त मलम न आणता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

वय वाढते तसे भुवयांतील काही केस लांब व राठ होतात. भुवया घाम डोळ्यांत जाण्यापासून अडवितात. चेन्नईत तर हे काम मोठेच. म्हणून त्या कोरायच्या नाहीत, केवळ आवरायच्या. केस कोरडे असताना लहान फणीने वर विंचरावेत आणि भुवईच्या वरच्या रेषेबाहेर डोकावणारी टोके एकेक करून कापावीत. ओला केस लांब भासतो व जास्त कापला जातो. सरसकट ट्रिमर फिरविला तर भुवईत खाच पडते व ती भरून यायला काही महिने लागतात. तीन आठवड्यांतून एकदा हे पुरेसे आहे.

नाकातील केस धूळ अडवितात, त्यामुळे तेही समूळ काढू नयेत. नाक स्वच्छ करून, चांगल्या उजेडात, नाकाचे टोक बोटाने वर उचलावे व गोल टोकांच्या कात्रीने बाहेर दिसणारे केसच कापावेत. कात्री खोल घालू नये. वापरानंतर ती धुऊन स्पिरिटने पुसावी व दुसऱ्याला देऊ नये. चिमट्याने केस उपटणे मात्र कटाक्षाने टाळावे. उपटलेल्या केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन नाकपुडीच्या तोंडाशी दुखरी फोडी येते. या भागातील शिरांचा कवटीच्या आतील शिरांशी संबंध असल्याने क्वचित हा संसर्ग गंभीर रूप घेतो. अशी फोडी दाबू नये. सूज ओठाकडे वा डोळ्याकडे पसरू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

या साऱ्याला सकाळ-संध्याकाळ मिळून पाच मिनिटे आणि तीन आठवड्यांतून दहा मिनिटे लागतात. सामान म्हणावे तर एक फेसवॉश, एक मॉइश्चरायझर, एक फणी आणि एक कात्री.