दहा हजारांत चार रेणू

1859 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी लांब नळीत एकेक वायू भरून त्यातून उष्णता सोडली. नायट्रोजन आणि ऑक्सिजनमधून ती जवळपास जशीच्या तशी पार झाली. कार्बन डायऑक्साइडने आणि पाण्याच्या वाफेने मात्र ती अडवली.

कोरड्या हवेत पहिले दोन वायू मिळून 99 टक्के भरतात. पण तापलेल्या जमिनीतून निघणारे अवरक्त किरण ते अडवतच नाहीत, म्हणून इथे त्यांची गर्दी कामाची नाही. कार्बन डायऑक्साइडचे रेणू दहा हजारांत जेमतेम चार. तरी ते ही उष्णता शोषून पुन्हा सगळीकडे, जमिनीकडेही, फेकतात.

वाफ याहून जास्त उष्णता धरते, हे खरेच. पण ती काही दिवसांत पाऊस होऊन पडते. जादा कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतके टिकतो. त्याने हवा तापली की तीत वाफही अधिक मावते आणि तापमान आणखी चढते.