परतीची तारीख कुणाची?

‘सभासद पुस्तकाची प्रत नेतो, मुदतीत परत करतो.’ या वर्णनातल्या नामांचे क्लास करण्याची युक्ती परतीच्या तारखेपाशी अडते. ती सभासदाच्या क्लासमध्ये ठेवावी, तर त्याच्याकडे एका वेळी तीन प्रती असू शकतात. प्रतीच्या क्लासमध्ये ठेवली तर काय बिघडले, असा आक्षेप येईल. प्रत एका वेळी एकाकडेच असते ना? खरे आहे, पण ती पुढच्या सभासदाकडे गेली की जुनी तारीख पुसली जाते, मग मागचा दंड कशावरून काढणार? म्हणून ‘देवघेव’ हा तिसरा क्लास हवा. दिल्याची आणि परतीची तारीख त्यात राहते. प्रत्येक देवघेवीला सभासद एक, प्रत एक; उलट दिशेने दोन्हींकडून `0..*`. वर्णनात हे नाम नव्हतेच, ते ‘नेतो’ या क्रियापदात होते.